एकपानी तक्त्यातला मधला रकाना: बेस्ट, ॲव्हरेज आणि वर्स्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात मी डेटा स्ट्रक्चर्स शिकवते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलांना एक पान देते. एका बाजूला रचना, समोर बेस्ट, ॲव्हरेज, वर्स्ट. पान पाठ होतं, तोंडी परीक्षेत घडाघडा म्हणून दाखवलं जातं, आणि "ॲव्हरेज म्हणजे कशाची सरासरी?" एवढं विचारलं की वर्गातला पंखा ऐकू येतो. म्हणून पानाला एक रकाना वाढवला, अटीचा. त्यावर दरवर्षी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली आहेत. एक सूचना: शोधायच्या नंबराला किंवा नावाला मी इथे "किल्ली" म्हणते. नुसतं "की" लिहिलं की मराठी वाक्यात अर्थाचा अनर्थ होतो.

तक्ता कुठे आहे? आधी तो द्या.

| रचना आणि काम | बेस्ट | ॲव्हरेज | वर्स्ट | अट |
|---|---|---|---|---|
| ॲरे: क्रमांकानं उचलणं | O(1) | O(1) | O(1) | क्रमांक माहीत हवा |
| विस्कळीत ॲरे: शोधणं | O(1) | O(n) | O(n) | किल्ली कुठेही असण्याची शक्यता सारखी |
| डायनॅमिक ॲरे: शेवटी जोडणं | O(1) | O(1), अमॉर्टाइज्ड | O(n) | जागा पटीत वाढवायची |
| लिंक्ड लिस्ट: नोडनंतर घालणं | O(1) | O(1) | O(1) | तो नोड आधीच हातात |
| लिंक्ड लिस्ट: शोधणं | O(1) | O(n) | O(n) | विस्कळीत ॲरेचीच |
| हॅश टेबल: शोधणं | O(1) | O(1) | O(n) | हॅश नीट पसरवतो, टेबल तुडुंब नाही |
| साधं बायनरी सर्च ट्री: शोधणं | O(1) | O(log n) | O(n) | किल्ल्या कुठल्याही क्रमानं आल्या |
| एव्हीएल, रेड-ब्लॅक: शोधणं | O(1) | O(log n) | O(log n) | अट नाही |
| मिन-हीप: घालणं | O(1) | O(1) | O(log n) | किल्ल्या कुठल्याही क्रमानं आल्या |

स्टॅक आणि क्यू मुद्दाम घातलेले नाहीत. ते ॲरेवर किंवा लिस्टवर उभे असतात आणि खर्चही त्यांचाच घेतात. एवढ्यासाठी दोन ओळी वाया घालवू नका.

वर्स्ट म्हणजे बिग ओ, बेस्ट म्हणजे ओमेगा, ॲव्हरेज म्हणजे थीटा, असं लिहिलं तर चालेल का?

नाही. निम्म्या उत्तरपत्रिकांत हेच असतं, आणि एखाद्या गाइडातून ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं असावं असा माझा संशय आहे.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेस्ट, ॲव्हरेज आणि वर्स्ट हे सांगतात की तुम्ही *कुठल्या* इनपुटबद्दल बोलताय. ओ, ओमेगा, थीटा हे सांगतात की त्या इनपुटचा खर्च तुम्ही वरून बांधलाय, खालून बांधलाय की दोन्हीकडून. विस्कळीत ॲरेत नसलेली किल्ली शोधायची तर n तुलना होणारच, एक कमी नाही आणि एक जास्त नाही. म्हणजे हा वर्स्ट केस आहे आणि त्याचा खर्च थीटा n आहे. वर्स्ट केसला थीटा लावता येतो, बेस्ट केसला बिग ओ लावता येतो. तक्त्यात सगळीकडे बिग ओ आहे तो सोयीसाठी.

मग ॲव्हरेज म्हणजे नक्की कशाची सरासरी?

या प्रश्नासाठीच हा सगळा खटाटोप. तीन किल्ल्या घेऊन हातानं करून बघू.

साध्या बायनरी सर्च ट्रीत 1, 2, 3 घालायचे आहेत. ते कुठल्या क्रमानं येतील? सहा क्रम शक्य आहेत: 123, 132, 213, 231, 312, 321. वहीत सहाही झाडं काढा, दोन मिनिटांचं काम आहे. 213 आणि 231 या दोन क्रमांत 2 रूटला बसतो आणि 1 नि 3 दोन बाजूंना. उरलेल्या चारही क्रमांत झाड नसतं, काठी असते: एकाखाली एक, एकाखाली एक. 132 मध्ये ती मधे वाकडी होते, पण काठीच.

आता प्रत्येक झाडात तिन्ही किल्ल्या एकेकदा शोधा आणि किती नोड बघावे लागले ते मोजा. काठीत 1 + 2 + 3 म्हणजे 6. भरल्या झाडात 1 + 2 + 2 म्हणजे 5. चार काठ्यांचे 24, दोन झाडांचे 10, एकूण 34. शोध झाले सहा गुणिले तीन, म्हणजे 18. 34 भागिले 18 म्हणजे 1.89.

हा 1.89 म्हणजे तीन किल्ल्यांचा ॲव्हरेज केस. त्यात दोन गृहीतकं दडलेली आहेत, ती परत वाचा. सहाही क्रम सारख्याच शक्यतेनं येतात हे एक, आणि तिन्ही किल्ल्या सारख्याच वेळा शोधल्या जातात हे दुसरं. तक्त्यातला O(log n) या दोन खांबांवर उभा आहे. पहिला खांब काढला तर आकडा तुमचा राहत नाही.

तीन किल्ल्यांत फरक कुठे दिसतो? खऱ्या आकड्यांत सांगा.

सात घेऊ. 10, 20, 30 पासून 70 पर्यंत. याच क्रमानं घातल्या तर काठी होते आणि एका शोधाला सरासरी 4 नोड बघावे लागतात. 40, 20, 60, 10, 30, 50, 70 या क्रमानं घातल्या तर झाड भरगच्च होतं: एक नोड पहिल्या पायरीवर, दोन दुसऱ्या, चार तिसऱ्या. बेरीज 17, सरासरी 2.43. आणि सगळ्या 5040 क्रमांची मिळून सरासरी काढली तर 2.93 येते.

बेस्ट केस मात्र दोन्ही झाडांत 1 आहे, कारण रूटवरची किल्ली मागितली की झालं. बेस्टच्या रकान्याकडे बघून काठी आणि झाड वेगळं ओळखताच येत नाही. म्हणून तो रकाना मी परीक्षेपुरताच ठेवते.

आता 1000 किल्ल्या. जास्तीत जास्त भरगच्च झाडात एका शोधाला सरासरी 9 नोड. कुठल्याही क्रमानं आलेल्या किल्ल्यांच्या झाडात सुमारे 12. चढत्या क्रमानं आलेल्यांच्या काठीत 500.5. नऊ आणि बारामध्ये भांडण्यासारखं काही नाही. बारा आणि पाचशेमध्ये आहे. ॲव्हरेजच्या रकान्यातला O(log n) म्हणजे हे बारा.

पण किल्ल्या अशा ओळीनं येतात कुठे? ते तर पुस्तकातलं उदाहरण झालं.

मलाही असंच वाटायचं. माझ्या मामेभावाची हापूसची बाग आहे. हंगामात पेट्या भरल्या की प्रत्येक पेटीवर नंबराचं स्टिकर लागतं आणि रजिस्टरात नोंद होते: नंबर, किती डझन, कुठल्या गाडीनं गेली. वाशीहून फोन आला की "अमुक नंबरच्या पेटीत माल कमी निघाला", तर ती नोंद काढून दाखवायची, आणि अलीकडच्या-पलीकडच्या पेट्या त्याच गाडीत होत्या का तेही बघायचं. मी मोठ्या हौसेनं त्याला पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहून दिला. आत साधं बायनरी सर्च ट्री. घालायचा भाग पुस्तकात असतो तसा:

```python
def insert(root, key):
    if root is None:
        return Node(key)
    if key < root.key:
        root.left = insert(root.left, key)
    else:
        root.right = insert(root.right, key)
    return root
```

प्रोग्राम सुरू झाला की फाइलमधल्या सगळ्या नोंदी वाचून झाड बांधायचा. मार्च महिना सुरळीत गेला. एप्रिलमध्ये एका सकाळी फोन: "ताई, काय गो हे? तुझा प्रोग्राम उघडूकच तयार नाय." स्क्रीनचा फोटो मागवला. शेवटची ओळ अशी:

```text
RecursionError: maximum recursion depth exceeded
```

पायथॉनमध्ये फंक्शननं स्वतःला किती खोल हाक मारावी याची मर्यादा मुळात 1000 असते. पेट्यांचे नंबर 1 पासून ओळीनं सुरू झालेले, फाइलही त्याच क्रमाची. प्रत्येक नवा नंबर आधीच्या सगळ्यांहून मोठा, म्हणून दरवेळी उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. हजाराच्या जरा अलीकडेच ही काठी मर्यादेला भिडली. जावात किंवा सी मध्ये लूप वापरून लिहिलं असतं तर तो असा आडवा पडला नसता. नुसता हळू होत गेला असता आणि कुणाला कारण कळलं नसतं. त्या मानानं क्रॅश बरा.

अनुक्रमांक, बिल नंबर, तारखा, हजेरीपटावरचे रोल नंबर: माणसानं लिहिलेल्या जवळपास प्रत्येक यादीत किल्ल्या चढत्या असतात. तेव्हा साध्या बायनरी सर्च ट्रीचा वर्स्ट केस हा दुर्मीळ अपघात नाही, तोच नेहमीचा इनपुट आहे.

आपल्या झाडाची काठी झालीय हे कसं ओळखायचं?

दोन खुणा आहेत. एक, नोंदी दुप्पट केल्यावर झाड बांधायला लागणारा वेळ चौपट झाला तर समजा. काठी बांधताना 1000 नोंदींना 4,99,500 तुलना लागतात, 2000 नोंदींना 19,99,000. चांगल्या झाडात दुप्पट नोंदींना दुपटीहून थोडाच जास्त वेळ लागतो.

दुसरी खूण थेट मोजायची. उंची काढणारं फंक्शन मुलं रिकर्सिव्ह लिहितात, आणि काठीवर तेही त्याच मर्यादेला धडकून पडतं. रोग तपासायला गेलेला डॉक्टरच आजारी. त्यापेक्षा रूटपासून नुसतं उजवीकडे चालत जा:

```python
d, p = 0, root
while p:
    d += 1
    p = p.right
print(d, n)
```

कुठल्याही क्रमानं आलेल्या 1000 किल्ल्यांत ही उजवी वाट सरासरी सात-आठ नोडांची निघते. मामेभावाच्या रजिस्टरात ती नोंदींच्या संख्येइतकीच होती. किल्ल्या उतरत्या क्रमानं येत असतील तर `right` च्या जागी `left`. वाकडी काठी, म्हणजे आमची 132 सारखी, या मोजणीत सुटते, पण प्रत्यक्षात ती फार कमी दिसते.

`sys.setrecursionlimit` वाढवलं की काम होतं. मी तसंच केलं.

एरर गेला, काठी राहिली. पुढे मर्यादा खूपच वाढवली तर पायथॉनच्या एररऐवजी अख्खा प्रोग्रामच न सांगता बंद पडू शकतो. हे उत्तर प्रॅक्टिकलच्या वहीत लिहू नका.

फाइल वाचताना नंबर पिसून घेतले तर?

ते चालतं, आणि मी त्या सकाळी फोनवरून तेच करायला लावलं: झाड बांधण्याआधी `random.shuffle(keys)`. पत्ते पिसल्यासारखं. आता "कुठल्याही क्रमानं" ही अट इनपुटनं पाळायची वाट बघायची नाही, ती आपण पाळायला लावली.

पिसल्यावरही काठी होऊ शकते ना, असा प्रश्न हुशार मुलं विचारतात. हो, होऊ शकते. सात किल्ल्यांच्या 5040 क्रमांपैकी 64 क्रमांत काठी होते, म्हणजे साधारण 79 वेळा एकदा. पण किल्ल्या वाढतात तशी ही शक्यता झपाट्यानं विरते. वरचा आकडा प्रत्येक नव्या किल्लीला फक्त दुप्पट होतो आणि खालचा n पटीनं वाढतो. हजार किल्ल्यांत तिची वाट बघायचं कारण नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. पिसणं सकाळी एकदाच. त्या दिवशी भरलेल्या पेट्या संध्याकाळपर्यंत एकामागून एक येणार, नंबर ओळीनंच. म्हणजे चांगल्या झाडाला उजवीकडे दिवसभरात ऐंशी पेट्यांची शेपटी फुटायची. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम नव्यानं उघडला की शेपटी जायची. ऐंशीनं काही बिघडत नाही. पण दुकानातल्यासारखा प्रोग्राम महिना-महिना चालूच राहणार असेल तर ही शेपटी पुन्हा काठीच होते.

मग एव्हीएल किंवा रेड-ब्लॅक वापरलं की प्रश्न मिटला?

मिटला. तक्त्यात त्या ओळीपुढे "अट नाही" लिहिलंय ते त्यासाठीच. ॲडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या दोन सोव्हिएत गणितज्ञांनी 1962 मध्ये एव्हीएल झाड मांडलं. कुठल्याही नोडच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या उंचीत एकाहून जास्त फरक पडू द्यायचा नाही, पडला की रोटेशन करून सावरायचं. या नियमानं 1000 किल्ल्यांच्या झाडाची उंची 14 च्या वर जाऊच शकत नाही, मग किल्ल्या कशाही येवोत. रेड-ब्लॅकचे नियम थोडे सैल असतात, तिथे ही मर्यादा 17 आहे.

इथे वर्स्ट केस हीच हमी आहे. साध्या झाडात ॲव्हरेज म्हणजे इनपुटवर ठेवलेला विश्वास होता. दोन्ही ओळींत मधल्या रकान्यात O(log n) लिहिलेलं असतं, म्हणून मुलांना ते सारखं वाटतं. रोटेशनचा खर्च घालताना-काढताना पडतो, तोही O(log n) च्या आत. कोड मात्र लांबतो, आणि परीक्षेच्या खोलीत तो न चुकता लिहिणारं मूल मला वर्षाला एखादंच भेटतं.

हॅश टेबलचं ॲव्हरेज O(1). तिथेही अशीच काही भानगड आहे का?

आहे, पण खांब वेगळा. झाडाचं नशीब किल्ल्यांच्या *क्रमावर* होतं. हॅश टेबलला क्रमाशी देणंघेणं नाही, त्याचं नशीब किल्ल्या खान्यांमध्ये कशा *पसरतात* यावर असतं.

गाड्यांच्या गठ्ठ्यांचे नंबर घ्या: 100, 200, 300 असे 700 पर्यंत. टेबलला दहा खाने, हॅश म्हणजे नंबराला दहानं भागून उरलेली बाकी. प्रत्येकाची बाकी शून्य. सातही नोंदी शून्याच्या खान्यात एकामागे एक, उरलेले नऊ खाने ओस. शोधायला सरासरी 4 तुलना, म्हणजे सात नोडांच्या काठीला लागल्या तितक्याच. हॅश टेबलाच्या पोटात एक लिंक्ड लिस्ट लपलेली होती, ती बाहेर आली.

आता खाने दहाऐवजी सात करा. 100 ला सातनं भागून बाकी 2, 200 ची 4, 300 ची 6, 400 ची 1, 500 ची 3, 600 ची 5, 700 ची 0. सात नोंदी, सात खाने, प्रत्येकात एक. सरासरी तुलना 1. खाने कमी केले आणि वेग वाढला, हे वर्गात फळ्यावर केलं की मुलांचा आधी विश्वास बसत नाही. कारण साधं आहे: 100 आणि 10 यांच्यात सामायिक अवयव आहेत, 100 आणि 7 यांच्यात नाहीत. म्हणून पुस्तकात खान्यांची संख्या मूळ संख्या घ्या म्हणतात.

दुसरी अट टेबल तुडुंब नसण्याची. जावाच्या `HashMap` मध्ये सुरुवातीला 16 खाने असतात आणि तीन चतुर्थांश, म्हणजे 12 नोंदींच्या पुढे गेलं की खाने दुप्पट होतात. ही वाढ थांबवली तर प्रत्येक खान्यातली रांग n च्या प्रमाणात लांबत जाईल आणि उत्तम हॅशसुद्धा O(1) वाचवू शकणार नाही.

जावात तर हॅश टेबलचा वर्स्ट केस O(log n) आहे असं एक सर म्हणाले.

सर चुकले नाहीत. जावा 8 पासून, म्हणजे 2014 पासून, एखाद्या खान्यात आठ नोंदी असताना नववी आली आणि टेबलाचे खाने किमान 64 असले, तर त्या खान्यातली लिस्ट रेड-ब्लॅक झाडात बदलली जाते. किल्ल्यांची आपापसात तुलना करता येत असेल तर वर्स्ट केस O(log n) वर येतो. ही एका भाषेतल्या एका क्लासची सोय आहे. प्रश्नपत्रिकेत नुसतं "हॅश टेबल" विचारलं असेल तर O(n) लिहा. जावाचा उल्लेख असेल तर दोन्ही लिहा आणि कारण द्या, पूर्ण गुण मिळतील.

एकाच हॅशच्या किल्ल्या सापडायला कठीण असतात असंही नाही. जावात "Aa" आणि "BB" या दोन्ही स्ट्रिंगांचा `hashCode` 2112 येतो. मग "AaAa", "AaBB", "BBAa", "BBBB" या चारही एकाच हॅशच्या. असंच जोडत गेलात तर हव्या तितक्या मिळतात. कुणी मुद्दाम त्रास द्यायचा ठरवला तर "नीट पसरवतो" ही अट तो अशा किल्ल्या पाठवून मोडतो.

अमॉर्टाइज्ड म्हणजे ॲव्हरेजच ना? तक्त्यात वेगळा शब्द कशाला?

ॲव्हरेजमध्ये नशीब असतं, अमॉर्टाइज्डमध्ये नसतं. बघा कसं ते.

डायनॅमिक ॲरे एका जागेनं सुरू करा, भरला की जागा दुप्पट करून जुनं सगळं नव्या जागी उचलून न्या. 1000 नोंदी शेवटी जोडल्या तर उचलाउचल 1, 2, 4, 8 करत शेवटची 512 ची. एकूण 1023. त्यात 1000 नव्या नोंदी लिहिण्याचं काम मिळवलं तर 2023, म्हणजे एका नोंदीमागे दोनाच्या आसपास. हा हिशेब किल्ल्या कशाही आल्या तरी तोच राहतो. कुणी कितीही वाकड्यात शिरला तरी हजार नोंदींचं बिल 2023 च्या वर नेता येत नाही.

पण एकट्या 513 व्या नोंदीला विचारा. तिच्या वेळी 512 जणांचं स्थलांतर झालं. तक्त्यातला वर्स्ट O(n) तो हा. एकूण बिल बघणाऱ्याला अमॉर्टाइज्ड आकडा पुरतो. ज्याला *प्रत्येक* नोंद वेळेत हवी त्यानं वर्स्ट बघायचा.

आणि जागा दुप्पट न करता दरवेळी दहा-दहानं वाढवली तर? मग 1000 नोंदींना 10 + 20 + 30 असं 990 पर्यंत, म्हणजे 49,500 उचलाउचल. अटीच्या रकान्यात "पटीत" हा शब्द आहे तो यासाठी.

लिंक्ड लिस्टमध्ये घालणं O(1), मग ॲरेपेक्षा ती कायम चांगली का नाही?

अट वाचा: नोड आधीच हातात. तो शोधत जायचं असेल तर O(n) त्या वाटेतच गेले.

चढता क्रम सगळ्याच रचनांना मारक असतो का?

नाही. मिन-हीपमध्ये चढत्या क्रमानं किल्ल्या घाला. नवी किल्ली तळाला बसते, आपल्या पालकाशी एकदा तुलना करते, पालक लहानच असतो, काम संपलं. हजारही किल्ल्यांना बेस्ट केस. साध्या झाडाचा जो वर्स्ट, तोच मिन-हीपचा बेस्ट. क्रम उलटा केला, उतरता, की प्रत्येक किल्ली तळापासून थेट माथ्यापर्यंत चढते आणि O(log n) भरते. "वाईट इनपुट" असं स्वतंत्र काही नसतं, रचनेचं नाव घेतल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

शेवटी त्या रजिस्टरात काय ठेवलंत?

हॅश टेबल आधी मनात आलं, पण "1200 ते 1260 कुठल्या गाडीत" असा विचार करायचा तर त्याला क्रम ठाऊक नसतो. एव्हीएल लिहायला बसले होते. तेव्हा लक्षात आलं की ज्या गोष्टीनं झाड पाडलं तीच फुकटात मिळालेली आहे: नंबर चढत्या क्रमानंच येतात. म्हणजे साधी लिस्ट आपोआपच लावलेली असते. शेवटी जोडणं अमॉर्टाइज्ड O(1), शोधणं बायनरी सर्चनं.

```python
i = bisect_left(nums, 1200)
j = bisect_right(nums, 1260)
```

या दोघांमधल्या नोंदी म्हणजे हव्या त्या पेट्या. हजार नोंदींत प्रत्येक हाकेला 9 किंवा 10 तुलना. गंमत म्हणजे तक्त्यांत बायनरी सर्चचा बेस्ट केस O(1) लिहिलेला असतो, पण `bisect_left` मधेच किल्ली सापडली म्हणून थांबत नाही, शेवटपर्यंत जातं. त्याचा बेस्टही O(log n) च.

मधे घालायची वेळ आली तर O(n), पण नंबर मागे जातच नाहीत, असं मी मामेभावाला सांगितलं होतं. मेमध्ये फाटलेल्या स्टिकरची पेटी तीन दिवसांनी सापडली, नंबर 1417. `insort` नं ती जागेवर सरकवली, मागच्या शे-दोनशे नोंदी एकेक घर पुढे गेल्या. त्याला काहीच जाणवलं नाही. तो दुसऱ्या फोनवर गाडीवाल्याशी भांडत होता.